मुख्याध्यापकांचं रेकॉर्ड केलेलं भाषण : सभेला न आलेल्या पालकांसाठी छोटी सूचना कशी काढावी

शनिवारच्या परिपाठाला पालकांनाही बोलावलं, मुख्याध्यापक बोलले, कोणीतरी मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि सभा संपता संपता ते रेकॉर्डिंग एखाद्या शिक्षकाच्या हातात आलं : "जे आले नाहीत त्यांच्यासाठी एक छोटी नोटीस काढून टाका." नाशिकमधल्या बहुतेक शाळांत हे काम असंच येतं. ते ज्याच्याकडे येतं त्याला बहुधा त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत संपवायचं असतं, कारण सोमवारपासून काहीतरी बदलणार असतं.

इथे एक उदाहरण घेऊन हे काम पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवतो. पंचवटीतली एक माध्यमिक शाळा समजा, पाचवी ते दहावी, सकाळचं सत्र. तारीख शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५. बालदिन आदल्या दिवशी झालेला. रेकॉर्डिंग अठरा मिनिटांचं.

रेकॉर्डिंगच ग्रुपवर का टाकू नये, हा प्रश्न पहिल्यांदा येतो, म्हणून त्याचं उत्तर आधी देतो. सभेला न आलेले पालक कोण आहेत ते पाहा. काही जण सातपूर-अंबडच्या कंपन्यांत पहिल्या पाळीला असतात. काही जण मार्केट यार्डात भाजीच्या कामाला पहाटेच गेलेले असतात. मखमलाबाद, मातोरी भागातल्या घरांत नोव्हेंबर म्हणजे छाटणीनंतरच्या द्राक्षबागेची धावपळ. ढगाळ हवा दिसली की डाऊनी रोगाच्या भीतीने उजाडायच्या आत फवारणीला जावं लागतं. ही माणसं रात्री जेवण झाल्यावर मोबाईल हातात घेतात. अठरा मिनिटं आवाज घुमणारं रेकॉर्डिंग त्यांतला कोणीही शेवटपर्यंत ऐकणार नाही. शिवाय भाषणात मुलांची नावं आलेली असतात, कोणाला तरी रागावलेलं असतं, आणि तेही ग्रुपवर जातं.

पहिल्यांदा नुसतं ऐका

हेडफोन लावा आणि एकदा पूर्ण रेकॉर्डिंग न थांबवता ऐका. या वेळी काही लिहायचं नाही. मैदानावरचं भाषण एका सरळ रेषेत चालत नाही. एखादी गोष्ट पाचव्या मिनिटाला सांगितली जाते आणि तिचा अपवाद सोळाव्या मिनिटाला येतो, तोही एखाद्या शिक्षकाने कानात आठवण करून दिल्यावर. पहिल्याच ऐकण्यात लिहायला बसलं की पाचव्या मिनिटाचं वाक्य कागदावर पक्कं होतं आणि सोळाव्या मिनिटाचं वाक्य "हे तर झालंय" म्हणून कानाआड जातं.

दुसऱ्यांदा ऐकताना वेळ पाहून टिपण काढा. सगळं भाषण शब्दशः उतरवत बसू नका. त्यात दीड-दोन तास जातात आणि हाती जे येतं त्यातला फारच थोडा भाग कामाचा असतो. फक्त चार प्रकारची वाक्यं टिपायची : ज्यात तारीख किंवा वेळ आहे, ज्यात पैसे आहेत, ज्यात पालकांनी किंवा मुलांनी काही करायचं किंवा करायचं नाही असं सांगितलं आहे, आणि ज्यात "पण", "मात्र", "सोडून" असं काही येतं. ही वाक्यं मात्र बोलल्याप्रमाणे जशीच्या तशी लिहायची, आपल्या भाषेत सुधारून नाही. समोर मिनिट-सेकंद लिहायचे, म्हणजे शंका आली की तिथेच परत जाता येतं.

आपल्या उदाहरणातलं टिपण असं निघालं :

०४:५० – "थंडी वाढलीय, मुलं कुडकुडत येतात, आम्ही बघतो ना. तेव्हा येत्या सोमवारपासून शाळा साडेसातला. सात दहाची साडेसात. सुटायची वेळ तीच… नाही, तीच कशी राहील, साडेबारा होईल."

०६:२० – "रिक्षावाले काका आणि स्कूटरवर येणारे पालक, कृपा करून पुढच्या गेटला गर्दी नको. मुलांना त्या बाजूने सोडा."

०७:४० – "आठवी-नववीची सहल यंदा नांदूरमध्यमेश्वरला, शनिवारी एकोण…स तारखेला."

११:५५ – "सहलीचे तीनशे रुपये. (कोणीतरी काही सांगतं) हां, साडेतीनशे. नाश्त्यासकट साडेतीनशे."

१२:३० – "हे जे पत्र आहे, हे भरून पुढच्या शनिवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यायचं. पत्र नाही तर सहल नाही. मग कोणीही असो."

१३:१० – "बहुतेक सकाळी सहाला बस निघेल."

१३:२५ – "मुलांना लाल-पिवळे भडक कपडे घालून पाठवू नका, पक्षी उडून जातात. घरात दुर्बीण असेल तर द्या."

१४:०० – आधार आणि शाळेच्या नोंदीतलं नाव न जुळणाऱ्या मुलांची नावं वाचली.

१५:०५ – "काही पालक तर शाळेकडे फिरकतच नाहीत. मुलगा कितवीत आहे ते तरी माहीत आहे का त्यांना?"

१६:४० – "हां, मॅडम म्हणतायत ते बरोबर. शनिवारची वेळ आहे तशीच. फक्त सोमवार ते शुक्रवार बदल."

सात-चाळीस ते अकरा-पंचावन्न या चार मिनिटांत मुख्याध्यापक नांदूरमध्यमेश्वरबद्दल फार छान बोलले. निफाड तालुक्यातलं हे पाणथळ क्षेत्र २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं, हिवाळ्यात तिथे दुरून पक्षी येतात, चापडगावच्या मनोऱ्यावरून ते दिसतात, असं सगळं. मुलं शांत बसून ऐकत होती हे रेकॉर्डिंगमध्येही कळतं. पण या चार मिनिटांतून सूचनेत येतो तो फक्त "नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्य" एवढा भाग. हे गाळताना हात जड होतो, आणि मुख्याध्यापकही नंतर विचारतात, "ते रामसरचं नाही घेतलं?" त्यांना सांगावं की तो भाग फलकावर स्वतंत्र लावू, मुलं तो नक्की वाचतील. सूचनेत तो घातला तर त्याच्याखालची संमतीपत्राची तारीख पालकांच्या नजरेतून सुटेल.

"येत्या", "पुढच्या", "उद्या" : हे शब्द सूचनेत येऊ देऊ नका

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून इथे जरा थांबतो.

शनिवारी मैदानावर उभं राहून "येत्या सोमवारपासून" म्हटलं की समोरच्या प्रत्येकाला कळतं : परवापासून. तेच वाक्य सूचनेत तसंच गेलं आणि एखाद्या आईने ते सोमवारी रात्री वाचलं, तर तिच्यासाठी "येता सोमवार" म्हणजे २४ नोव्हेंबर. मग मूल आठवडाभर जुन्याच वेळेला, थंडीत, बंद गेटसमोर वीस मिनिटं उभं राहतं. "पुढच्या शनिवारपर्यंत" याचंही तेच. शनिवारी बोललेलं "पुढचा शनिवार" म्हणजे २२ तारीख, पण मंगळवारी वाचणारा म्हणेल की या आठवड्याचा शनिवार "हा" शनिवार आणि "पुढचा" म्हणजे २९. आणि २९ ला तर सहलच आहे.

म्हणून टिपणातलं प्रत्येक "येत्या", "पुढच्या", "उद्या", "परवा", "या आठवड्यात" लाल पेनने खुणावा. भाषण कोणत्या दिवशी झालं ते कॅलेंडरवर बोट ठेवून पाहा आणि त्या प्रत्येक शब्दाच्या जागी वार, तारीख, महिना असं पूर्ण लिहा. वार आणि तारीख दोन्ही लिहायचे, कारण एक चुकलं तर दुसऱ्यावरून चूक लक्षात येते.

याच युक्तीने न ऐकू आलेली तारीखही सुटते. टिपणात "एकोण…स" असं लिहिलं आहे ना? लाऊडस्पीकरच्या घुमण्यात "एकोणीस" आणि "एकोणतीस" यांच्यातला फरक हमखास विरतो. पण त्याच वाक्यात "शनिवारी" स्पष्ट ऐकू येतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये १९ तारखेला बुधवार आहे, २९ ला शनिवार. म्हणजे एकोणतीसच. तरीही ही आपली अटकळ आहे, मुख्याध्यापकांकडून खात्री करायच्या यादीत ती जायलाच हवी. "सव्वा" आणि "साडे" यांचंही असंच होतं. अशा ठिकाणी रेकॉर्डिंगचा वेग थोडा कमी करून तीनदा ऐका. तीनदा ऐकूनही दोन्ही शक्य वाटत असतील तर कानावर भरवसा ठेवू नका, विचारा.

बोलताना बदललेलं वाक्य

"तीनशे… हां, साडेतीनशे." "सुटायची वेळ तीच… नाही, साडेबारा." मुख्याध्यापक समोर बसलेल्यांशी बोलत असतात, त्यामुळे चूक लगेच सुधारतात आणि ऐकणाऱ्यांच्या ती लक्षातही राहत नाही. टिपण काढणारा मात्र पहिला आकडा लिहून पुढे गेलेला असू शकतो. नियम साधा आहे : एकाच गोष्टीबद्दल दोन आकडे आले तर शेवटचा धरायचा, पण तो धरल्याचं टिपणाच्या समासात लिहून ठेवायचं आणि विचारायच्या यादीत टाकायचं. पैशांच्या बाबतीत तर हे टाळूच नये. पन्नास रुपयांच्या फरकावरून वर्गशिक्षकांना पस्तीस-चाळीस पालकांशी तेच तेच बोलावं लागतं.

"बहुतेक", "शक्यतो", "बघू" हे शब्द वेगळे. इथे निर्णयच झालेला नसतो. "बहुतेक सहाला बस निघेल" हे सूचनेत "बस ६ वाजता निघेल" असं लिहिलं तर आपण मुख्याध्यापकांच्या वतीने निर्णय घेतला असा त्याचा अर्थ होतो. आणि "बहुतेक ६ वाजता" असंच लिहिलं तर पालक पहाटे कोणत्या वेळेचा गजर लावणार? दोनच मार्ग आहेत. एक तर विचारून पक्कं करा, नाहीतर "निघण्याची वेळ अमुक तारखेला कळवली जाईल" असं लिहा आणि ती तारीख पाळा.

रेकॉर्डिंगमध्ये न दिसणाऱ्या गोष्टी

मुख्याध्यापक म्हणाले "त्या बाजूने सोडा" आणि हाताने दाखवलं. समोरच्यांनी पाहिलं. रेकॉर्डिंगमध्ये हात नाही. "हे जे पत्र आहे" म्हणताना त्यांनी कागद उंच धरला, तोही नाही. "इकडून", "तिकडे", "असं", "हे", "त्या सरांकडे" असे शब्द आले की त्यांच्याजवळ प्रश्नचिन्ह करा. तिथे हजर असलेल्या शिक्षकांनी "अहो, मागचं गेट" असं सांगितलं तरी मुख्याध्यापकांना एकदा विचारा, कारण मागच्या बाजूला दोन गेट असतील तर कोणतं?

याहून अवघड काम म्हणजे भाषणात जे आलंच नाही ते ओळखणं. त्यासाठी एक सवय लावून घ्या. टिपण बाजूला ठेवा, आणि आपण सकाळी मार्केट यार्डात असलेले नववीतल्या मुलीचे वडील आहोत असं समजून सहलीबद्दल काय विचारू ते लिहा. मुलगी किती वाजता परत येईल? आणायला शाळेत यायचं की बस घराजवळ सोडेल? नाश्ता आहे, पण दुपारचा डबा? जायचं नसेल तरी पत्र द्यायचं का? या अठरा मिनिटांत परत येण्याच्या वेळेबद्दल एक शब्दही नाही. सभेत बसलेल्या पालकांपैकी कोणीतरी नंतर स्टाफरूमपाशी जाऊन ते विचारलं असणार. न आलेल्यांना ती सोय नव्हती.

विचारायची यादी

मुख्याध्यापकांना गाठण्यापूर्वी प्रश्न लिहून घ्या, आणि असे लिहा की उत्तर एका शब्दात देता येईल. त्यांच्या टेबलावर इतरही कामं असतात. "सर, सहलीबद्दल जरा सांगता का" असं विचारलं की पाणथळ जागेबद्दल पुन्हा चार मिनिटं ऐकायला मिळतात.

आपल्या उदाहरणातली यादी :

सहल २९ नोव्हेंबर, शनिवार. बरोबर?
शुल्क ३५० रुपये, नाश्ता धरून. बरोबर? दुपारचा डबा घरून?
बस ६ लाच निघेल का? परत किती वाजता? कुठे?
संमतीपत्र आणि पैसे दोन्ही २२ तारखेपर्यंत? २२ धरून?
कोणतं गेट? कधीपासून?
सोमवार ते शुक्रवार ७:३० ते १२:३०, शनिवार जुनी वेळ ७:१० ते १०:३०. बरोबर?

समजा, उत्तरं अशी मिळाली : तारीख, शुल्क, वेळा बरोबर. डबा घरून. संमतीपत्र आणि शुल्क एकत्रच, २२ धरून, त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत. मैदानाकडचं मागचं गेट, सोमवारपासूनच. आणि बसबद्दल एसटीच्या आगारात फोन करून त्यांनी सांगितलं : साडेसहाला निघायचं, संध्याकाळी पाचच्या सुमाराला शाळेत परत.

इथे एक नवीन गोष्ट घडली. सभेला आलेल्या पालकांनी "बहुतेक सहा" ऐकलं आहे आणि आता वेळ साडेसहा ठरली. म्हणजे ही सूचना आता फक्त न आलेल्यांसाठी राहत नाही. ती सगळ्यांना गेली पाहिजे आणि काय बदललं ते त्यात स्पष्ट लिहिलं पाहिजे, नाहीतर त्या पहाटे निम्मी मुलं अर्धा तास आधी येऊन उभी राहतील आणि सभेला गेलेले पालकच न गेलेल्यांना चुकीची वेळ सांगतील. भाषण आणि सूचना यांत कुठलाही फरक पडला की हाच नियम लावायचा.

काय मुद्दाम बाहेर ठेवायचं

मुलांची नावं कधीच सूचनेत यायची नाहीत. चौदाव्या मिनिटाला ज्यांची नावं वाचली त्यांच्या पालकांना वर्गशिक्षकांनी एकेकट्याने फोन करावा, कोणता कागद आणायचा ते सांगावं. आधारवरचं आडनाव जुळत नसण्यामागे घरातलं काहीही असू शकतं आणि ते दोनशे जणांच्या ग्रुपवर चर्चेला यायचं कारण नाही. फी बाकी असलेल्यांचंही असंच.

पंधराव्या मिनिटाचं रागावणं. मुख्याध्यापकांची तळमळ खरी आहे, त्या क्षणी ते समोर रिकाम्या खुर्च्या पाहत होते. पण सूचना जिच्याकडे जाणार आहे ती आई त्या वेळी पहिल्या पाळीत मशिनवर उभी होती, आणि रजा घेतली असती तर त्या दिवसाचा पगार गेला असता. "बहुसंख्य पालक अनुपस्थित राहिले, ही खेदाची बाब आहे" हे वाक्य शाळांच्या सूचनांत फार दिसतं. ते वाचल्यावर पुढचं वाचायची इच्छाच राहत नाही. काढून टाका. मुख्याध्यापकांनी ते घालायचा आग्रह धरला तर त्यांना त्याऐवजी पालकांना भेटण्याची दुसरी वेळ द्यायला सुचवा. शनिवारी सकाळी अकरा ते बारा कार्यालय उघडं असतं, एवढं एक वाक्यसुद्धा त्यापेक्षा जास्त पालक शाळेत आणतं.

"मा. मुख्याध्यापकांनी आपल्या ओघवत्या शैलीत पालकांना मोलाचे मार्गदर्शन केले" हेही नको. ते शाळेच्या वार्षिक अंकात शोभतं. आलेल्यांचे आभार, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं स्वागत हे सगळं इतिवृत्ताच्या वहीत जाऊ द्या.

सूचना लिहिणं

आता लिहायला बसा. हे काम अर्ध्या तासाचं आहे, कारण अवघड भाग वर होऊन गेला. क्रम भाषणाचा ठेवायचा नाही. सगळ्यात आधी लागू होणारी गोष्ट पहिली, म्हणजे सोमवारची वेळ. प्रत्येक मुद्द्याच्या सुरुवातीला तो कोणत्या वर्गासाठी आहे ते लिहा, म्हणजे पाचवीच्या मुलाची आजी सहलीचे पैसे शोधत बसणार नाही. वाक्यं छोटी. "येणेप्रमाणे", "सदर", "उपरोक्त" असे शब्द टाळा. अनेक घरांत ही सूचना मूलच मोठ्याने वाचून दाखवतं आणि ते तिथे अडखळतं.

पूर्ण झालेली सूचना अशी :

(शाळेचे नाव), पंचवटी, नाशिक
जा. क्र. ……  दिनांक : १५ नोव्हेंबर २०२५

पालकांसाठी सूचना
विषय : शाळेची वेळ, गेट आणि ८ वी-९ वीची सहल

१. सर्व वर्ग – वेळ. सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५ पासून सोमवार ते शुक्रवार शाळा सकाळी ७:३० ला भरेल व दुपारी १२:३० ला सुटेल. शनिवारची वेळ बदललेली नाही : सकाळी ७:१० ते १०:३०.

२. सर्व वर्ग – गेट. सोमवार, १७ नोव्हेंबरपासून रिक्षा व दुचाकीने येणाऱ्या मुलांना मैदानाकडच्या मागच्या गेटवर सोडावे आणि तिथूनच न्यावे.

३. फक्त ८ वी व ९ वी – सहल. नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्य, शनिवार, २९ नोव्हेंबर २०२५.
बस शाळेतून सकाळी ६:३० ला निघेल. संध्याकाळी अंदाजे ५ वाजता शाळेत परत येईल. (सभेत "बहुतेक ६ वाजता" असे सांगितले होते. आता ६:३० ही वेळ नक्की झाली आहे.)
शुल्क ३५० रुपये (तीनशे पन्नास), नाश्त्यासह. दुपारचा डबा घरून द्यावा.
सही केलेले संमतीपत्र व शुल्क शनिवार, २२ नोव्हेंबर, शाळा सुटेपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावे. संमतीपत्राशिवाय सहलीला नेले जाणार नाही.
भडक रंगाचे कपडे नसावेत. दुर्बीण असल्यास द्यावी.

शंका असल्यास वर्गशिक्षकांशी बोलावे, किंवा शनिवारी सकाळी ११ ते १२ कार्यालयात यावे.

मुख्याध्यापक (सही व शिक्का)

अठरा मिनिटांचं भाषण दीडशेच्या आसपास शब्दांत बसलं. यापेक्षा लांब होत असेल तर बहुधा सहलीचं कौतुक किंवा थंडीचं कारण परत शिरलेलं असतं. कारण एखाद्या ठिकाणी मात्र ठेवावं लागतं : ज्या गोष्टीवर पालक हटकून "असं का?" विचारणार ती. आपल्या उदाहरणात नवी वेळ थंडीमुळे आहे हे न सांगताही कळतं, म्हणून गाळलं.

सहीपूर्वी ही सूचना दोघांनी वाचायची. मुख्याध्यापकांनी, निर्णय बरोबर उतरलाय का ते पाहायला. आणि सभेला नसलेल्या कोणीतरी, शिपाईकाका असोत की ग्रंथपाल मॅडम. त्यांना वाचायला देऊन फक्त एवढंच विचारा : "सोमवारी किती वाजता यायचं? शनिवारी? पैसे कधीपर्यंत?" उत्तर देताना त्यांना परत वर जाऊन शोधावं लागलं, तर तो मुद्दा नीट लिहिलेला नाही.

पोहोचवणं

व्हॉट्सॲपवर सही-शिक्क्याच्या कागदाचा फोटो टाकायची पद्धत आहे. तो टाका, पण त्याच्या वर तोच मजकूर टाईप करूनही टाका. फोटोतली अक्षरं जुन्या मोबाईलवर वाचता येत नाहीत, मोठी केली की ओळ बाहेर जाते. टाईप केलेला मजकूर मोठा करता येतो, आणि ज्यांना वाचायला जड जातं त्यांना मोबाईलकडून वाचूनही घेता येतो. पाचवी ते सातवी आणि दहावीच्या ग्रुपवर तिसरा मुद्दा काढून पाठवलात तरी चालेल. त्या संध्याकाळपुरतं ग्रुपवर फक्त ॲडमिनना लिहिता येईल असं सेटिंग करा, नाहीतर दहा मिनिटांत "ओके सर" आणि हात जोडलेल्या चिन्हांखाली सूचना दिसेनाशी होते.

ज्या घरांत असा मोबाईल नाही त्यांची यादी वर्गशिक्षकांकडे असते. ए-फोर कागदावर दोन प्रती बसतात. मधून कापून सोमवारी मुलांच्या दैनंदिनीत चिकटवायची आणि खाली पालकांची सही आणायला सांगायची. पण सोमवारची बदललेली वेळ या मुलांना सोमवारी कळून उपयोग नाही. त्यामुळे शनिवारी शाळा सुटण्यापूर्वी तेवढं एक वाक्य प्रत्येक वर्गात फळ्यावर लिहून वहीत उतरवून घ्यायचं. मंगळवारी सह्या मोजा. जिथे सही नाही तिथे वर्गशिक्षकांनी फोन करायचा.

सूचना गेल्यावर चूक सापडली, समजा बस सात वाजता निघायची ठरली, तर जुना मेसेज गुपचूप काढून नवा टाकू नका. अनेकांनी तो आधीच नातेवाइकांना, रिक्षावाल्या काकांना पाठवलेला असतो. नवीन सूचना "सुधारित" असं वर लिहून, नवा जावक क्रमांक घालून काढा आणि पहिल्याच ओळीत फक्त बदल सांगा : "२९ नोव्हेंबरच्या सहलीची बस सकाळी ६:३० ऐवजी ७ वाजता निघेल. बाकी सर्व १५ नोव्हेंबरच्या सूचनेप्रमाणे."